गेटवरची शिदोरी

शहरातल्या सोसायट्यांच्या गेटवर किंवा गोदामांच्या दारात बसणाऱ्या सुरक्षारक्षकाची रात्रपाळी बऱ्याच ठिकाणी बारा तासांची असते, संध्याकाळी आठ ते सकाळी आठ. त्यात जेवणाची सुट्टी अशी ठरलेली नसते. बदली माणूस नसेल तर गेट सोडता येत नाही. डबा उघडावा आणि नेमकी गाडी यावी, हे रोजचंच. हात पुसायचा, दांडा उचलायचा, वहीत नंबर लिहायचा, मागून पार्सलवाला आला तर त्याच्या फ्लॅटला फोन लावायचा. परत बसेपर्यंत भाताची ढेकळं झालेली असतात आणि भूकही मेलेली असते. एखादी रात्र अकरालाच शांत होते, तर एखादी दोनपर्यंत होत नाही.

अशा माणसाला ‘वेळेवर जेवत जा’ हा सल्ला काही कामाचा नाही, कारण वेळ त्याच्या हातात नाही. त्याच्या हातात आहे ते एवढंच, की कामावर निघताना पिशवीत काय टाकायचं. आणि तिथे पहिला प्रश्न जीवनसत्त्वांचा नसून वेगळाच आहे. चार घास खाऊन अर्धवट सोडलं आणि दोन तासांनी पुन्हा हातात घेतलं, तर ते खाणं तसंच राहील का? वरण-भात-भाजीचा डबा या परीक्षेत नापास होतो. त्याला वीस मिनिटं सलग बसावं लागतं, हात भरतात, गार झाला की घशाखाली उतरत नाही आणि उकाड्याच्या दिवसांत मध्यरात्रीपर्यंत तो सुरक्षितही राहत नाही.

या शेवटच्या गोष्टीकडे फार कमी लक्ष दिलं जातं. खाणावळीतून सहा-साडेसहाला भरून घेतलेला डबा रात्री दोनला उघडला, तर मधे आठ तास जातात. शिजवलेला भात कोमट अवस्थेत बंद डब्यात राहिला की त्यात बॅसिलस सिरियस नावाचे जिवाणू वाढू शकतात. त्यांची बीजं तांदळातच असतात आणि भात शिजवल्यानेही मरत नाहीत. वाढताना हे जिवाणू एक विष तयार करतात, आणि ते विष नंतर भात कितीही तापवला तरी जात नाही. फसगत अशी, की भाताला वास येईलच असं नाही. चवही जवळपास तीच लागते. मग तासा-दोन तासांत, फार तर पाच-सहा तासांत मळमळून उलट्या सुरू होतात आणि माणूस म्हणतो, पित्त झालं. पहाटेच्या अशा ‘पित्ता’च्या आधी डब्यात भात होता का, हे एकदा आठवून पाहावं. शिजवलेलं ओलं अन्न बाहेर ठेवलं तर साधारण दोन तासांत खाऊन संपवावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. वरण, रस्सा, ओल्या खोबऱ्याची चटणी, पनीरची भाजी, उसळ हे सगळं यात आलं. जिवाणूंना वाढायला ओल लागते. म्हणून ओलं ते घरी किंवा खाणावळीत गरम असतानाच खायचं आणि कोरडं तेवढं पिशवीत घ्यायचं, ही रात्रपाळीची पहिली वाटणी.

दुसरी वाटणी शरीर करून देतं. आपल्या शरीराचं एक घड्याळ आहे आणि महिनोन्महिने रात्रपाळी केली तरी ते बहुतेकांचं पूर्ण उलटत नाही, कारण सकाळचं ऊन आणि सुट्टीच्या दिवशीची झोप त्याला पुन्हा जागेवर आणते. रात्री जठर सावकाश रिकामं होतं आणि इन्शुलिनचं कामही मंदावलेलं असतं. त्यामुळे तेच ताट सकाळी खाल्लं तर रक्तातली साखर जेवढी वाढते, त्यापेक्षा ती रात्री जास्त वाढते आणि जास्त वेळ चढलेली राहते. अमेरिकेत बोस्टनच्या ब्रिगहॅम अँड विमेन्स रुग्णालयातल्या संशोधकांनी 2021 साली 19 निरोगी माणसांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यांना प्रयोगशाळेत रात्रपाळीसारखं जागवलं. एका गटाला दिवसा आणि रात्रीही जेवण दिलं, दुसऱ्याला फक्त दिवसा. रात्री जेवणाऱ्यांची सरासरी साखर 6.4 टक्क्यांनी वाढली. दिवसाच जेवणाऱ्यांमध्ये तशी वाढ दिसली नाही.

माणसं थोडी होती आणि प्रयोगशाळेतली होती, हे खरं. बारा तास उभं-बसं करणाऱ्या माणसाने रात्रभर उपाशी राहावं असा याचा अर्थ मी काढणार नाही. पण पोटभर जेवण दोनदा करायचं ते दुपारी उठल्यावर आणि कामावर निघण्याआधी. रात्री जे लागेल ते थोडं थोडं, इतका बदल कुणालाही जमण्यासारखा आहे. आपल्याकडे नेमकं उलटं चालतं. दुपारी उशिरा उठून चहा-बिस्किटावर भागवलं जातं, संध्याकाळी घाई असते आणि मोठं जेवण मध्यरात्रीनंतर होतं. मग तीन वाजता डोळे मिटायला लागतात. पहाटे तीन ते पाच हा वेळ असाही झोपेच्या सर्वांत जोराचा असतो, शरीराचं तापमान तेव्हा तळाला गेलेलं असतं. भरलेलं पोट त्यात भर घालतं.

म्हणजे पिशवीत हवं ते कोरडं, थोडं, एका हाताने खाता येणारं आणि तरी दोन-तीन तास भूक धरून ठेवणारं. ही शेवटची अट बिस्किटं पूर्ण करत नाहीत. पुड्याच्या मागे घटकांची यादी असते आणि त्यात वजनाने जे सर्वांत जास्त ते सर्वांत आधी लिहावं लागतं. बहुतेक पुड्यांवर पहिले तीन शब्द मैदा, साखर आणि पामतेल हेच असतात. पौष्टिक म्हणून विकल्या जाणाऱ्या पुड्यांवरही पुष्कळदा फारसा फरक नसतो, तेव्हा समोरचं चित्र न बघता मागची ओळ वाचावी. मैदा आणि साखर भूक तासाभरापुरती भागवतात आणि मग ती दुप्पट जोराने परत येते. भूक टिकवतात ती प्रथिनं, तंतू आणि थोडी चरबी.

हे तिन्ही एकत्र देणारी, कुठल्याही किराणा दुकानात मिळणारी आणि रात्रीत न बिघडणारी गोष्ट म्हणजे फुटाणे. सालासकट घ्यावेत, तंतू सालात असतो. मूठभराहून थोडे जास्त, म्हणजे 50 ग्रॅम फुटाण्यांतून साधारण 10 ग्रॅम प्रथिनं मिळतात. पावशेर घेतले की पाच रात्री निघतात. त्यात भाजलेले शेंगदाणे मिसळावेत, पण मूठभरच, कारण त्यांत तेल बरंच असतं आणि काहींना त्याने जळजळ होते. खारे दाणे टाळलेले बरे. रात्रभर तहान लागते आणि रक्तदाबाची गोळी चालू असेल तर मीठ आणखी नको. फुटाण्यांना चावावं लागतं, हाही त्यांचा गुण. वाटीभर संपायला वेळ लागतो आणि मधे चार वेळा उठावं लागलं तरी काही बिघडत नाही.

घरी किंवा खोलीवर कुणी करणारं असेल तर धपाटे आणि दशम्या यांच्यासारखं दुसरं काही नाही. मराठवाड्यातून आलेल्या माणसाला हे सांगायची गरज नाही. ज्वारी, गहू आणि बेसनाचे, तीळ घातलेले धपाटे किंवा दुधात भिजवलेल्या दशम्या प्रवासासाठीच जन्मल्या आहेत. त्यांची ओल तव्यावर बरीच उडालेली असते आणि म्हणून त्या रात्रभर टिकतात. फक्त त्या पूर्ण गार होऊ द्यायच्या आणि मग फडक्यात बांधायच्या. गरम असताना डब्यात कोंबल्या तर वाफेचं पाणी होतं आणि कोरडं अन्न पुन्हा ओलं होऊन बसतं. सोबत शेंगदाण्याची, जवसाची किंवा कारळाची कोरडी चटणी. खाणावळीवर अवलंबून असणाऱ्याने संध्याकाळी दोन पोळ्या जास्तीच्या मागून घ्याव्यात, आत कोरडी चटणी आणि बोटभर तेल लावून सुरळी करावी आणि प्रत्येक सुरळी वेगळ्या कागदात गुंडाळावी. वेगळ्या कागदात अशासाठी, की एक खाताना दुसरीला हात लागू नये. गेटचा दांडा, वही, पेन, लोकांचे मोबाइल, लिफ्टची बटणं अशा शंभर गोष्टींना लागलेला हात प्रत्येक वेळी धुता येईलच असं नाही. कागद धरून सुरळी खाता येते.

याच कारणाने, ज्याला स्वतःचं साल किंवा कवच आहे ते खाणं गेटवर फार सोयीचं. केळं, मोसंबी, भुईमुगाच्या भाजलेल्या शेंगा, उकडलेलं अंडं. केळी घेताना सगळी एकसारखी पिकलेली घेऊ नयेत. एक पिवळं आणि एक देठाशी हिरवट घ्यावं, हिरवट केळं पिशवीत दबत नाही आणि पहाटेपर्यंत बरोबर राहतं. अंडं मात्र थांबणाऱ्यांतलं नाही. ते न सोललेलंच न्यावं आणि पाळी सुरू झाल्यावर सर्वांत आधी तेच खाऊन टाकावं. जवळ अंडाभुर्जीची गाडी असेल तर अकरा वाजता तिथून ताजी उकडलेली दोन अंडी मागवणं सर्वांत उत्तम. दोन अंड्यांत 12 ग्रॅमच्या आसपास प्रथिनं मिळतात.

बिहारकडचे जे रक्षक महाराष्ट्रात काम करतात, त्यांच्याकडून एक गोष्ट घ्यावी, ती म्हणजे हरभऱ्याचं सत्तू. आपल्याकडचं सातूचं पीठ बहुधा गहू आणि डाळं भाजून, दळून करतात आणि गूळ घालून गोड खातात. त्यांचं फक्त हरभऱ्याचं असतं आणि ते मीठ, जिरं, लिंबू घालून पितात. शहरातल्या किराणा दुकानांत ते आता पुड्यात मिळतं. एका कोरड्या, झाकणाच्या बाटलीत चार चमचे, म्हणजे साधारण 50 ग्रॅम पीठ मीठ-जिऱ्यासह घालून ठेवायचं. भूक लागली आणि बसायला दोनच मिनिटं आहेत, तेव्हा पाणी ओतून हलवून पिऊन टाकायचं. कोरडं असेपर्यंत ते बिघडत नाही, पण पाणी घातल्यावर थांबत नाही. अर्धं पिऊन उरलेलं पहाटेसाठी ठेवू नये.

ताकाच्या बाबतीत पुडक्याकडे नीट बघावं. डेअरीतल्या फ्रिजमधून काढून दिलेली प्लास्टिकची पिशवी थंडच ठेवावी लागते. ती घेतल्यावर लगेच प्यावी, तीन वाजेपर्यंत केबिनमध्ये ठेवू नये. जाड पुठ्ठ्याच्या डब्यातलं ताक वेगळं, ते उच्च तापमानाला तापवून भरलेलं असतं आणि न फोडता बाहेर राहू शकतं. कसं ठेवायचं ते पुडक्यावर लिहिलेलं असतं.

आता एक रात्र सबंध लावून पाहू. समजा, लातूरकडचा तिशीतला एक रक्षक आहे, तिघांबरोबर खोलीत राहतो, जेवण खाणावळीचं. तो तीनला उठतो. साडेतीनला पहिलं पूर्ण जेवण करतो. भात, वरण, भाजी, भाकरी, जे काही ओलं आणि पातळ खायचं ते इथे. सातच्या सुमाराला दुसरं जेवण, दोन पोळ्या, उसळ आणि काकडी किंवा कांदा. ते थोडं हलकं असलं तरी चालतं, पण टाळलेलं चालत नाही. हे टाळलं की मध्यरात्री समोसा येतो. निघताना पिशवीत दोन सुरळ्या, फुटाणे-शेंगदाण्यांची पुडी, दोन केळी, सत्तूची बाटली आणि दोन लिटर पाणी. अकराच्या आसपास, गेट ज्या क्षणी शांत होईल त्या क्षणी, एक किंवा दोन सुरळ्या. एकनंतर फुटाणे खिशात, जमतील तसे. चारला केळं खायचं आणि लगेच उठून आवारात एक फेरी मारायची. सत्तू राखीव. सुरळ्या खायला मिळाल्याच नाहीत अशा रात्रीसाठी ते आहे. आठला सुटल्यावर गाडीवरचे गरम पोहे, एकच प्लेट, आणि साडेनऊ-दहाला झोप. उपाशीपोटी झोपलं तर अकरालाच भुकेने जाग येते. पुरी-भाजी किंवा मिसळ खाऊन आडवं झालं तर आंबट ढेकर झोपू देत नाही. खाणं आणि पाठ टेकणं यांत तास-दीड तास तरी जाऊ द्यावा.

ही मांडणी बरोबर बसली की नाही, ते दोन गोष्टींवरून कळतं. रात्री दोन-तीनला तळकट किंवा गोड खाण्याची तीव्र ओढ लागत असेल तर सातचं जेवण अपुरं आहे. आणि दुपारी उठल्यावर भूकच नसेल तर रात्री जास्त खाल्लं गेलंय. मात्रा त्याप्रमाणे हलवायची.

चहाचा हिशेब वेगळा मांडावा लागतो, कारण रात्रपाळीत तोच खरा सोबती असतो. टपरीवरच्या एका चहात साखर साधारण दोन चमचे धरली, तर रात्रीत पाच चहा म्हणजे दहा चमचे, म्हणजेच 40 ते 50 ग्रॅम साखर. जागतिक आरोग्य संघटनेची दिवसभराची कमाल मर्यादा मोठ्या माणसासाठी साधारण 50 ग्रॅम आहे आणि 25 च्या आत राहिलं तर अधिक बरं, असं ती म्हणते. साखर अर्धी सांगता येते, बहुतेक टपरीवाले ऐकतात. वेळ मात्र स्वतः पाळावी लागते. चहातलं कॅफिन निम्मं उतरायला साधारण पाच तास लागतात. नऊला झोपायचं तर शेवटचा चहा दोनच्या आत. पाचचा चहा जाग आणतो खरा, पण ती जाग सकाळी अंथरुणात शिल्लक राहते.

उपवासाच्या रात्रींचं बोलायलाच हवं, कारण नवरात्रात नऊ-नऊ दिवस उपास करून गेटवर उभे राहणारे अनेक आहेत. साबुदाण्याची खिचडी जवळपास निव्वळ पिष्ट असते. प्रथिनं देणारे काय ते त्यातले शेंगदाणे. ती खायची तर सातच्या जेवणाला, गरम. पिशवीत राजगिऱ्याचे लाडू, भाजलेले शेंगदाणे आणि केळी घ्यावीत, तिन्ही उपासाला चालतात आणि तिन्ही टिकतात.

मधुमेहाची औषधं किंवा इन्शुलिन घेणाऱ्याने मात्र वरची मांडणी आपल्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय स्वीकारू नये. काही गोळ्या आणि इन्शुलिन, जेवण झालं की नाही हे न बघता साखर उतरवतात. जेवणाची वेळ बदलली तर औषधाचीही बदलावी लागते, आणि ती वेळ डॉक्टरांनीच ठरवायची. ‘सकाळ-संध्याकाळ’ एवढं लिहून आणलेल्या कागदावर आपली पाळी आठ ते आठ आहे हे आवर्जून सांगावं. खिशात साखरेची पुडी कायम असावी. एकाएकी घाम, हातांना थरथर, धडधड, बोलण्यात गोंधळ असं झालं तर तीन चमचे साखर पाण्यात घालून प्यायची, पंधरा मिनिटं बसायचं, बरं वाटलं नाही तर पुन्हा तेवढीच घ्यायची आणि बरं वाटलं की फुटाणे किंवा पोळी खायची. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काही घालू नये, थेट दवाखान्यात न्यावं. शेजारच्या गेटवरच्या सहकाऱ्याला हे आधी सांगून ठेवलेलं असावं.

हा अंक हातात असलेल्यांपैकी बरेच जण अशा गेटच्या आतल्या बाजूला राहतात, म्हणून त्यांच्यासाठी थोडं. घरातल्या समारंभातली उरलेली बिर्याणी किंवा पुलाव रात्री साडेअकराला खाली नेऊन दिला जातो, मायेने दिला जातो. पण तो संध्याकाळी सातपासून टेबलावर उघडा असतो आणि रक्षकाला सवड मिळेपर्यंत एक वाजतो. द्यायचंच तर पाहुण्यांच्या आधी, आठ वाजता, गरम ताट द्यावं. उरलेलं द्यायचं असेल तर ते जेवणं आटोपताच फ्रिजमध्ये ठेवलेलं असावं आणि वाफ येईपर्यंत तापवून, ‘आत्ताच खाऊन घ्या’ असं सांगून द्यावं. तेवढी दहा मिनिटं गेटवर आपण उभं राहावं. सोसायटीच्या ऑफिसात फ्रिज असेल तर त्याचा एक कप्पा आणि केबिनमध्ये पाणी तापवायची एक किटली, एवढ्याने पिशवीतल्या यादीत दही, ताक आणि दोन उकडलेली अंडी रात्री दोनसाठीही ठेवता येतात.